फलाटावरचा सलाम

कोणत्याही मोहल्ल्यात चार घरं तरी अशी असतातच, ज्यांच्यात बोलणं बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. लग्नाच्या दावती वाटायला निघालेला माणूस आधी घरातल्या बायकांना विचारून घेतो की अमुक आणि तमुक एका दस्तरख्वानवर बसतील ना. मशिदीत दोघे एकाच सफमध्ये उभे राहतात, खांद्याला खांदा लावून नमाज पढतात, आणि बाहेर आल्यावर एक डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे. नमाजच्या शेवटी दोन्ही बाजूंना मान वळवून सलाम फेरतो, तो शेजाऱ्यालाही पोहोचत असतो, पण चपला घालताना तो कोणाच्या लक्षात राहत नाही.

आमच्याही घराचा असा एक अबोला होता. नऊ वर्षांचा.

ज्यांच्याशी अबोला होता त्यांना आम्ही भाई म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला भाभी. भाभी खरं तर आमची बी.एड.ची वर्गमैत्रीण. पाठाचं टाचण एकत्र काढायचं, एकाच डब्यातून जेवायचं, उर्दू अध्यापन पद्धतीच्या नोट्स एकीने लिहायच्या आणि दुसरीने उतरवायच्या, अशी मैत्री. पुढे योगायोगाने दोघींची लग्नं एकाच गावात झाली आणि नवऱ्यांचीही गट्टी जमली. ईदला पहिला शीरखुर्मा त्यांच्या घरी, मुहर्रमला त्यांच्या अम्मींच्या हातचा खिचडा आमच्या घरी. अम्मी खिचडा घोटायला बसल्या की दुपारपासून लाकडी घोटणीचा आवाज यायचा. आमच्या मोठ्या लेकीचं जावळ त्यांच्याच मांडीवर काढलं.

भांडण पैशांवरून झालं, तेही आमच्या किंवा त्यांच्या हातातून थेट न गेलेल्या पैशांवरून. 2012 मध्ये भाईंनी पगारदारांच्या एका पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज काढलं. दोन जामीनदार लागत होते. एक आमचे हे, दुसरे त्यांच्याच ऑफिसातले एक गृहस्थ. जामीन ही आपल्याकडे सहीपुरती गोष्ट समजली जाते. चहा होतो, फॉर्म पुढे येतो, सही होते. त्या फॉर्मबरोबर एक संमतीपत्र असतं, की कर्जदाराने हप्ता भरला नाही तर माझ्या पगारातून कापून घ्यावा. ते कोणी वाचत नाही. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागून थकायचं आणि मग जामीनदाराकडे यायचं, असं काही बंधन नसतं.

वर्षभराने भाईंनी नोकरी सोडली आणि मेहुण्याबरोबर दुसऱ्या शहरात दुकान काढलं. नोकरी सुटली म्हणजे पगारातून होणारी कपातही सुटली. संस्थेची तीन पत्रं आली, चौथं यांच्या ऑफिसात गेलं, आणि पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात एक नवा रकाना दिसला. दरमहा 4,200 रुपये. ते 26 महिने कापले गेले, म्हणजे एकूण 1,09,200. दुकान चालत नव्हतं हे आम्हाला दिसत होतं. भाईंनी मध्ये तीन वेळा मिळून साठ हजार आणून दिले. उरले 49,200. मग फोन उचलणं बंद झालं. कोणीतरी इकडचं तिकडे सांगितलं, तिकडचं इकडे. 2015 च्या बकरी ईदला त्यांच्याकडून कुर्बानीचा हिस्सा आला नाही, आमच्याकडूनही गेला नाही. अबोल्याची अशी काही तारीख लिहून ठेवलेली नसते, पण आमच्या हिशोबात तीच.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं एका नातेवाइकाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेलो होतो. परतीच्या गाडीला अर्धा तास होता. फलाटावर बाकावर बसलो होतो, मधे डबा आणि औषधांची पिशवी. दादऱ्यावरून माणसं उतरत होती. त्यांत आधी भाभी दिसली. बुरखा तोच काळा, पण चाल बदललेली, एक पाय जपून टाकणारी. मागे भाई, दाढी पूर्ण पांढरी. त्यांनीही आम्हाला पाहिलं. हे कळतं. माणूस थांबत नाही, पण पावलांचा वेग अर्धा होतो आणि नजर आगगाडीच्या फलकावर जाऊन चिकटते.

आता सलामाचा कायदा सांगायचा तर, सहीह हदीसप्रमाणे चालणाऱ्याने बसलेल्याला सलाम करावा, वाहनावरच्याने पायी चालणाऱ्याला आणि थोड्यांनी जास्तांना. वर्गात मुलांना आम्ही हे तोंडपाठ करून घेतो. त्या हिशोबाने पाळी त्यांची होती. नऊ वर्षं अबोला असला की माणूस अशी पाळी मोजतो, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण त्याच हदीसच्या किताबांत हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्याकडून आलेली दुसरी हदीसही आहे. तिचा आशय असा, की मुसलमानाला आपल्या भावाशी तीन रात्रींहून जास्त संबंध तोडून राहणं जायज नाही, दोघे समोरासमोर येतात आणि हाही तोंड फिरवतो, तोही फिरवतो, आणि त्या दोघांत चांगला तो, जो सलामाने सुरुवात करतो. तीन रात्रींची मुभा का, तर राग माणसाच्या स्वभावातच आहे, म्हणून तेवढी सूट, असं इमाम नववी (रह.) यांनी समजावून सांगितलं आहे.

हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अस्सलामु अलैकुम, भाई."

भाई थांबले. "व अलैकुमुस्सलाम व रहमतुल्लाहि व बरकातुह." पूर्ण म्हणाले, शेवटच्या शब्दापर्यंत. कुरआनात सूरह निसामध्ये हुकूम आहे की कोणी सलाम केला तर त्याहून चांगल्या शब्दांत उत्तर द्या, निदान तेवढंच परत करा. भाईंनी चांगलं ते निवडलं. मग हात पुढे आला, मुसाफहा झाला. भाभी आणि आम्ही एकमेकींचा हात धरला. तिचा हात थंड होता, डिसेंबर होता म्हणून असेल.

पुढचं बोलणं चारेक मिनिटांचं. ते अर्थात उर्दूतच झालं, इथे मराठीत लिहिते आहोत.

"मुलं कशी आहेत?"

"अल्हम्दुलिल्लाह. मोठी फार्मसीला आहे. लहाना दहावीला."

"माशाअल्लाह. एवढी मोठी झाली?"

"तुमचा मुलगा?"

"सौदीला असतो. दम्मामला. दीड वर्ष झालं."

मग आम्ही विचारलं, "अम्मी कशा आहेत?"

भाभीने एकदा भाईंकडे पाहिलं. भाई म्हणाले, "अम्मींना जाऊन दोन वर्षं झाली."

इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं. त्यानंतर काय बोलायचं ते सुचेना. ज्या बाईच्या मांडीवर आमच्या लेकीचं जावळ काढलं, ती गेली आणि आम्हाला दोन वर्षं कळलं नाही. मोहल्ल्यातल्या कोणालातरी नक्की कळलं असणार. पण अबोला आहे म्हटल्यावर लोक अशी बातमीही पोहोचवत नाहीत, उगाच कशाला म्हणतात. नऊ वर्षांचा खरा खर्च आम्हाला त्या क्षणी कळला. तो 49,200 पेक्षा मोठा होता.

ताजियतचीही मुदत तीन दिवसांचीच सांगितली आहे. त्यानंतर पुन्हा पुन्हा जाऊन दुःख उकरू नये, हा त्यामागचा हेतू. पण जो गावात नव्हता किंवा ज्याला खबरच नव्हती, त्याने नंतरही ताजियत करावी, एवढी जागा फिकहने ठेवली आहे. यांनी तिथेच भाईंच्या खांद्यावर हात ठेवून मगफिरतची दुआ केली. आम्ही विचारलं, "फार त्रास झाला का शेवटी?" भाभी म्हणाली, "नाही. फज्रची नमाज पढल्या आणि आडव्या झाल्या." तिने आमचा हात सोडला नव्हता.

गाडीची घोषणा झाली. त्यांची दुसरीकडची, आमची दुसरीकडची. भाई म्हणाले, "दुआंमध्ये याद ठेवा." हे म्हणाले, "तुम्हीही." घरी या असं कोणी म्हणालं नाही. आम्हाला ते बरं वाटलं. कारण घरी या म्हटलं असतं तर समोरून इन्शाअल्लाह आलं असतं, आणि आपल्याकडे न जाण्याच्या इन्शाअल्लाहचा एक वेगळा सूर असतो, तो सगळ्यांना ओळखू येतो. अल्लाहच्या नावाचा हा वापर बंद केला तर बरं, पण तो विषय वेगळा.

पैशांचा शब्द निघाला नाही. भाईंनी एकदा, दम्मामचं सांगताना, "आता हळूहळू सावरतोय," असं म्हटलं आणि यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "अल्लाह बरकत देवो." तिथे "मग आमचं ते..." असं म्हणता आलं असतं. पण फलाट ही हिशोबाची जागा नव्हे. अशा भेटी बिघडतात त्या नेमक्या इथेच. एकजण खुलासा करू लागतो की तेव्हा माझी परिस्थिती अशी होती, दुसऱ्याला वाटतं आपल्यावर उलट आरोप होतोय, आणि दोन मिनिटांत नऊ वर्षांपूर्वीचे शब्द जसेच्या तसे परत येतात. भेट कुठे निघाली आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. "तेव्हा" या शब्दाने वाक्य सुरू झालं की बोलणं थांबवून आईवडिलांची किंवा मुलांची विचारपूस करावी. त्या दिवशी ती खूण दोन्हीकडून पाळली गेली.

गाडीत बसल्यावर आमच्या दोघांत फरक पडला. हे हलके झाले होते. खिडकीतून बाहेर बघत चक्क गुणगुणत होते. आम्हाला मात्र अम्मींची घोटणी ऐकू येत होती आणि मनात एक प्रश्न अडकला होता. आता हे मिटलं, की नाही मिटलं? उद्या फोन करायचा का? रमजानमध्ये इफ्तारला बोलवायचं का? नुसत्या चार मिनिटांच्या सलामाने नऊ वर्षांचा गुनाह धुतला गेला, की ही केवळ लोकलाज?

घरी आल्यावर आम्ही ओळखीच्या एका मौलानांना विचारलं. त्यांनी सांगितलं की या प्रश्नावर इमामांमध्येच मतभेद आहे. इमाम मालिक आणि इमाम शाफिई (रह.) यांच्या मते सलाम केला की अबोला तुटला, गुनाह उतरला. इमाम अहमद (रह.) यांचं म्हणणं असं, की सलामानंतरही न बोलण्याने समोरच्याला त्रास होत असेल, तर नुसत्या सलामाने अबोला संपत नाही. आम्हाला हा मतभेद फार उपयोगाचा वाटला. पहिल्या मतात सवलत आहे: जुनी मैत्री पूर्वीसारखी व्हायलाच हवी अशी कोणाची मागणी नाही, ईदचा शीरखुर्मा परत सुरू करणं फर्ज नाही. दुसऱ्या मतात प्रश्न आहे, आणि तो आपल्याला नाही, समोरच्याच्या मनाला विचारायचा आहे. भाईंना आमच्या गप्प राहण्याचा त्रास होतो का? त्यांच्या पूर्ण उच्चारलेल्या सलामावरून वाटतं, होत असावा.

सलामाला उत्तर न मिळणं म्हणजे काय, हे हजरत काब बिन मालिक (रजि.) यांच्या गोष्टीत आहे. तबूकच्या मोहिमेला मागे राहिल्यामुळे प्रेषितांच्या (सल्ल.) हुकुमाने त्यांच्याशी बोलणं पन्नास रात्री बंद होतं. ती दीनच्या कारणासाठी, अल्लाहचा फैसला येईपर्यंत दिलेली शिक्षा होती, आपल्या घरगुती अबोल्यांना तिचा आधार घेता येत नाही. त्या दिवसांत ते आपल्या चुलतभावाच्या बागेची भिंत चढून आत गेले. हा चुलतभाऊ त्यांना सगळ्यांत प्रिय होता. त्यांनी सलाम केला. उत्तर आलं नाही. काब यांचे डोळे भरून आले आणि ते भिंत ओलांडून परत फिरले. तो चुलतभाऊ म्हणजे हजरत अबू कतादा (रजि.).

हे नाव आम्हाला दुसऱ्या एका हदीसमधून आधीच माहीत होतं आणि मौलानांशी बोलताना दोन्ही नावं एकत्र आली. एकदा प्रेषितांसमोर (सल्ल.) एक जनाजा आणला गेला. मरणाऱ्यावर काही दीनारांचं कर्ज होतं आणि ते फेडायला मागे काही नव्हतं. प्रेषितांनी साथीदारांना सांगितलं की तुम्हीच नमाज पढा. तेव्हा एक सहाबी पुढे आले आणि म्हणाले की हे कर्ज माझ्या अंगावर. मग प्रेषितांनी नमाज पढवली. कर्ज अंगावर घेणारे हे सहाबी अबू कतादाच. म्हणजे जामीन राहणं काय असतं हे जाणणारा माणूस आणि सलामाचं उत्तर अडवून धरण्याची वेळ आलेला माणूस एकच.

त्या गोष्टीने आमचा गुंता थोडा सुटला. आम्ही नऊ वर्षं दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या. पैसे मिळाले की बोलू, हा आमचा हिशोब. पैसे देता आले की तोंड दाखवू, हा बहुधा त्यांचा. पण शरीअतमध्ये सलामाचा हक्क वेगळा आहे आणि कर्जाचा हक्क वेगळा. सलाम केल्याने 49,200 माफ होत नाहीत. आणि 49,200 येणं आहे म्हणून सलाम रोखता येत नाही. कर्जाचा हिशोब इतका पक्का की माणूस मेला तरी त्याच्या मागे उभा राहतो, वारसांत वाटणी व्हायच्या आधी तो फेडावा लागतो.

मग त्या रकमेचं काय करायचं? सूरह बकरामध्ये सांगितलं आहे की कर्जदार तंगीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला मुदत द्या, आणि सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं. आम्ही दोघं यावर बरेच दिवस बोललो. यांचं मन सोडून देण्याकडे होतं. आमचं म्हणणं होतं की भाई आता सावरतायत, स्वाभिमानी माणूस आहे, फोन करून माफ केलं म्हणून सांगितलं तर तो उपकार होईल, आणि मिरजेच्या फलाटावरचा तो स्वच्छ सलाम पैशांचा सलाम होऊन बसेल. स्वतः आणून द्यायची संधी त्यांना मिळायला हवी. मुदत द्यावी, आणि मुदतीला तारीख नसावी.

फक्त एक भीती राहिली. माणसाचा भरवसा नाही. उद्या यांचं काही झालं आणि मुलांना ती जुनी डायरी सापडली, तर ती मागायला जातील. किंवा भाईंचं काही झालं आणि त्यांच्या मुलाला दम्मामहून हे ओझं वाहावं लागलं. लेकीने तर ऐकल्या ऐकल्या विचारलं होतं, "मग खरे किती येणं आहेत?" तिला आकडा कळला, म्हणजे तो आता दुसऱ्या पिढीत गेला होता.

म्हणून एका रविवारी यांनी कपाटातली पतसंस्थेची फाइल काढली. त्यात संमतीपत्राची झेरॉक्स, 26 महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती आणि साठ हजारांच्या तीन पोचपावत्या आहेत. त्यांच्यावर एक कोरा कागद लावून उर्दूत चार ओळी लिहिल्या: भाई स्वतः देतील ते घ्यावं, नाही दिलं तर मागू नये, दोघांपैकी कोणाचंही निधन झाल्यास बाकी माफ आहे. खाली यांची सही, साक्षीदार म्हणून आमची आणि यांच्या भावाची. भाईंना हे अजून कळवलेलं नाही.